मुदतीच्या नोकरीचं नूतनीकरण पत्र: नवी मुदत, नवा पगार आणि ‘कायम का नाही’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं आणि कामगारांची पत्रं लिहून देण्याचं काम मी करतो. दर जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली की तेच प्रश्न येतात, कारण अनेकांचे करार जानेवारीअखेर किंवा मार्चअखेर संपतात. प्रश्न मालकांचेही असतात आणि कामगारांचेही. इथे दोघांना एकच उत्तर दिलं आहे.

सगळ्या उत्तरांसाठी एकच उदाहरण धरू. टेरी टॉवेल बनवणारा कारखाना, माणसं ४२. चेकिंग टेबलावर एक ताई आहेत: टॉवेलातला सुटलेला धागा, डाग, कमी-जास्त वजन त्या पकडतात. १ फेब्रुवारी २०२५ ते ३१ जानेवारी २०२६ असा त्यांचा एक वर्षाचा करार होता. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये, दुसरा कुठला भत्ता नाही. आता आणखी एक वर्ष मुदत वाढते आहे आणि पगार २२,००० होतो आहे. पद मात्र कायम होत नाही.

मुदतीचा करार आणि ‘कंत्राटी’ कामगार हे एकच ना?

नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ठेकेदाराने माणसं पुरवली तर पगार ठेकेदार देतो आणि नेमणूकपत्रही त्याचंच असतं. मुदतीच्या करारात कारखाना आणि कामगार यांच्यामध्ये कुणीच नसतं. पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर येतं, पगार कारखान्याच्या खात्यातून जमा होतो. फरक इतकाच की नोकरीला शेवटची तारीख असते.

२०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात या प्रकाराची व्याख्याच दिली आहे: करार लेखी हवा, कामाचे तास, वेतन आणि सवलती तेच किंवा तसंच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी नकोत. म्हणून नूतनीकरण पत्रात ‘आपण कंत्राटी असल्याने अमुक सवलत लागू नाही’ असं वाक्य दिसलं, तर ते लिहिणाऱ्याने हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले आहेत असं खुशाल समजा.

पत्र कधी द्यायचं?

जुना करार संपायच्या आधी. किती दिवस आधी, ते कराराच्या अटींत लिहिलेलं असेल तर तेवढे दिवस. नसेल तर मी तीस दिवस धरतो. कामगाराला नाही म्हणायचं असेल तर दुसरीकडे शोधाशोध करायला महिना तरी मिळायला हवा.

उशीर झाला तर अडचण मालकाचीच होते. मुदत संपून करार थांबला, तर कायद्याच्या लेखी ती कामगारकपात ठरत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ पासून ही तरतूद होती, नव्या संहितेतही आहे. पण ३१ जानेवारी उलटून गेली, पत्र नाही आणि ताई १ फेब्रुवारीला नेहमीसारख्या टेबलावर बसल्या, हजेरी लागली, पगार झाला, तर ती मुदत नक्की कुठली? पुढे त्यांना थांबवताना ‘करार संपला’ म्हणायला हातात काहीच उरत नाही.

उशीर झालाच आहे. मागची तारीख टाकून पत्र दिलं तर चालेल?

नका टाकू. पत्र ज्या दिवशी लिहिलं त्याच दिवसाची तारीख घाला आणि मजकुरात ‘ही मुदतवाढ १ फेब्रुवारी २०२६ पासून लागू आहे’ असं लिहा. उशीर कबूल करणं लाजिरवाणं वाटेल, पण खोटी तारीख जास्त महागात पडते.

एक पत्र माझ्यासमोर आलं होतं. वर तारीख जानेवारीची, आणि आत ‘मार्चच्या पगारपत्रकात दाखवल्याप्रमाणे’ असे शब्द. जुन्या पत्राची नक्कल करून कुणीतरी मजकूर भरला होता. एवढ्या एका ओळीने त्या कारखान्याच्या फायलीतली बाकीची खरी पत्रंसुद्धा संशयात गेली.

दोन करारांच्या मध्ये दोन-चार दिवसांचा ‘ब्रेक’ द्यावा, असं आमचे अकौंटंट म्हणतात. खरं का?

सल्ला जुना आहे आणि चुकीचा आहे. त्यामागचा हिशेब असा: महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे सेवाशर्तींच्या सरकारी नमुन्यानुसार, बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कायम होण्याचा हक्क येत असे, म्हणून नोकरी मध्येच तोडायची. पण वर्षभर काम झाल्यावर दोन दिवस घरी बसवल्याने भरलेले २४० दिवस पुसले जात नाहीत. उलट तो खंड हेतू दाखवून देतो. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत ती नोंदलेली आहे, आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही तसंच कलम आहे. त्यात ‘उद्देशाने’ हा शब्द कळीचा आहे. दर वर्षी ठरावीक दोन दिवसांचा खंड, तोही कारखाना चालू असताना, यापेक्षा उद्देशाचा ठळक पुरावा कोणता?

म्हणून पत्रात उलटं लिहायचं: ‘आपली सेवा १ फेब्रुवारी २०२५ पासून अखंड धरली जाईल.’ ही ओळ कामगाराने शोधावी, आणि मालकाने विसरू नये.

नवी मुदत किती ठेवायची? अकरा महिने ठेवलं की सुरक्षित ना?

अकरा महिन्यांची सवय घरभाड्याच्या करारातून आली आहे. तिथे त्याला नोंदणीचं कारण होतं, इथे काहीच नाही.

मुदत ठरते ती कामावरून. आपल्या उदाहरणात ताईंचं पद एका परदेशी खरेदीदाराच्या ऑर्डरीसाठी वाढवलेलं आहे. ती ऑर्डर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे, त्यानंतर शेवटचा माल तपासून पाठवायला महिना लागतो. म्हणून मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत. कुणी विचारलं की हीच तारीख का, तर उत्तर तयार आहे. मुदत आणि कारण यांची अशी गाठ नसेल, तर पुढच्या परिच्छेदात कितीही चांगली भाषा वापरा, ती पोकळ वाटते.

पत्रात दोन्ही तारखा लिहा. ‘पुढील एक वर्षासाठी’ एवढंच लिहिलं की एक वर्ष कुठल्या दिवसापासून, यावर वाद होतोच.

पगार २,००० ने वाढला, मग हातात २,००० का वाढत नाहीत?

हा हिशेब पत्रातच मांडला तर पहिल्या पगाराच्या दिवशी होणारी अर्धी कुरकुर टळते.

जुना पगार २०,०००. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० जात होते, कारण या कारखान्यात १५,००० च्या कायदेशीर मर्यादेवर १२ टक्के कापले जातात. ईएसआय, म्हणजे दवाखान्याची सोय देणारा कामगार विमा, त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १५०. हातात १८,०५०.

आता पगार २२,०००, म्हणजे ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेबाहेर. अनेक ठिकाणी लगेच फेब्रुवारीपासून ईएसआय बंद करतात आणि तिथेच चुकतात. ईएसआयचं वर्ष दोन वर्गणीकाळांत विभागलेलं असतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या मध्येच पगार मर्यादेपलीकडे गेला, तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी भरावी लागते, आणि तीही पूर्ण नव्या पगारावर. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ताईंचे १६५ कापले जातील, कारखानाही आपले ३.२५ टक्के म्हणजे ७१५ भरेल. हातात २०,०३५. एप्रिलपासून ईएसआय नाही, हातात २०,२००.

व्यवसायकर? महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० पर्यंत तो नाही. त्याच टेबलावर दादा असते तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले गेले असते.

म्हणजे वाढीमुळे दवाखाना गेला?

लगेच नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवरचे लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबर या काळात मिळतात. पण त्यानंतर कुटुंबाच्या उपचाराची सोय स्वतः करावी लागते. घरात कुणाचं डायलिसिस किंवा मोठं ऑपरेशन चालू असेल, तर हजार-दोन हजारांच्या वाढीपेक्षा हे नुकसान मोठं आहे. मालकाने वाढ देण्याआधी हे सांगावं, आणि शक्य असेल तर गटविम्याची चौकशी करावी. ‘पगार २१,००० वर थांबवा आणि उरलेले रोख द्या’ अशी मागणी कामगारांकडूनही येते. ती मान्य करू नका. रोख दिलेला पगारही पगारच असतो, आणि तपासणीत तो निघतोच.

वाढ नवीन भत्ता म्हणून दाखवली तर? मूळ पगार तोच ठेवून?

वेतनाच्या नव्या व्याख्येत, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जादा रक्कम वेतनातच धरली जाते. छोट्या वाढीत ही मर्यादा क्वचित ओलांडली जाईल. तरीही ग्रॅच्युइटी वेतनावर ठरते, म्हणून वाढ कुठल्या रकान्यात पडली हे कामगाराने जरूर पाहावं. ‘एकूण पगार २२,०००’ एवढंच लिहिलेलं पत्र अपुरं आहे.

ग्रॅच्युइटीचा विषय निघालाच आहे तर: मुदतीच्या कामगाराला पाच वर्षं थांबावं लागत नाही, सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासाठी एक वर्ष पुरे. सूत्र जुनंच आहे. शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, दर वर्षामागे. २२,००० वर ते वर्षाला १२,६९२ रुपये होतात. नूतनीकरणाच्या वेळी ही रक्कम चुकती करायची की सेवा अखंड धरून पुढे न्यायची, ते पत्रात एका ओळीत लिहा.

आता मुख्य प्रश्न: ‘कायम का नाही’ हे लिहायलाच हवं का?

कायदा तसं बंधन घालत नाही. तरी लिहा. वर्षभर चांगलं काम केलेल्या माणसाला पगार वाढवून दिला आणि कायम केलं नाही, तर त्याच्या मनात एकच प्रश्न येतो: माझं काय चुकलं? पत्र गप्प राहिलं तर उत्तर कॅंटीनमध्ये तयार होतं. कुणी म्हणतं मालकाचा भाचा येणार आहे, कुणी म्हणतं सुपरवायझरने कान भरले.

कारण लिहिताना एक कसोटी लावा: कारण पदाबद्दल आहे की माणसाबद्दल? मुदतीचा करार पदाच्या स्वरूपावर उभा असतो. कामात खरोखर उणीव असेल तर ती वेगळ्या पत्रात, वेगळ्या वेळी सांगायची. वाढीच्या पत्रात ‘आपली कामगिरी कायम करण्याइतकी समाधानकारक नाही’ असं लिहिलं, तर कामगार विचारणारच, मग वाढ कशाची दिली?

दुसरी कसोटी म्हणजे कारण तपासता यावं. ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘व्यवस्थापनाच्या धोरणानुसार’, ‘बाजारातील अनिश्चितता लक्षात घेता’ ही वाक्यं मी रोज पाहतो. ती कधी खोटी ठरत नाहीत, आणि म्हणूनच कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. याउलट ‘ऑर्डर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे’ हे वाक्य खरं की खोटं ते सांगता येतं. ते लिहिणाऱ्याला बांधतं, हे खरं आहे. तीन महिन्यांनी त्याच टेबलावर त्याच कामासाठी कुणाला कायम नेमलं, तर हेच पत्र मालकाविरुद्ध पुरावा होईल. तशी नेमणूक करायचा विचार असेल तर हे कारण लिहू नका. किंवा मग ताईंनाच कायम करा.

‘अद्याप कायम नाही’ असं लिहिलं तर चालेल?

शब्द साधा दिसतो पण जपून वापरा. मराठीत ‘अद्याप’ किंवा ‘अजून’ म्हटलं की पुढे होणारच आहे असा अर्थ निघतो. ‘पाऊस अजून आला नाही’ म्हणणारा आभाळाकडे बघत असतो. त्यामुळे कायम करण्याचा विचार खरंच असेल तर ‘अद्याप’ लिहा, आणि सोबत तो विचार कधी होणार याचा महिनाही लिहा. तसा विचार नसेल तर ‘हे पद ठरावीक मुदतीचे आहे’ असं सरळ लिहा. ते ऐकायला कडू लागतं, पण पुढच्या जानेवारीत कुणी फसवल्यासारखं वाटून घेत नाही.

आढाव्याची तारीख दिली म्हणजे वचन दिलं, असं होत नाही का?

होऊ नये म्हणून दोन गोष्टी लिहायच्या. आढावा कशाचा, आणि त्यातून काय-काय निघू शकतं. ‘ऑक्टोबरमध्ये विचार करू’ हे वचनासारखं वाचलं जातं. खालच्या नमुन्यातला चौथा परिच्छेद पाहा. त्यात तीन शक्यता सांगितल्या आहेत, त्यामुळे कुठलीही एक गृहीत धरता येत नाही.

पूर्ण पत्राचा नमुना मिळेल?

घ्या. हा आपल्याच उदाहरणातला आहे, जसाच्या तसा उतरवू नका. कारण आणि तारखा तुमच्या असल्या पाहिजेत.

> दिनांक: २८ डिसेंबर २०२५
>
> प्रति, श्रीमती ………, चेकर, फिनिशिंग विभाग
>
> विषय: मुदतीच्या नेमणुकीचे नूतनीकरण
>
> १. आपला सध्याचा करार ३१ जानेवारी २०२६ रोजी संपत आहे. आपली नेमणूक त्याच पदावर १ फेब्रुवारी २०२६ ते ३१ जानेवारी २०२७ (दोन्ही दिवस धरून) या मुदतीसाठी पुढे चालू ठेवत आहोत. आपली सेवा १ फेब्रुवारी २०२५ पासून अखंड धरली जाईल व ग्रॅच्युइटीसाठी मागील वर्ष त्यात मोजले जाईल.
>
> २. १ फेब्रुवारी २०२६ पासून आपला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून दरमहा रु. २२,००० राहील (पूर्वी रु. २०,०००). भविष्यनिर्वाह निधीची कपात पूर्वीप्रमाणे रु. १,८००. ईएसआयची कपात मार्च २०२६ पर्यंत रु. १६५ राहील व एप्रिल २०२६ पासून बंद होईल.
>
> ३. हे पद एका निर्यात ऑर्डरीच्या तपासणीसाठी वाढवलेले आहे. ती ऑर्डर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतर या टेबलावर किती माणसे लागतील हे आज ठरवता येत नाही, म्हणून हे पद कायम केलेले नाही. या निर्णयाचा आपल्या कामाशी संबंध नाही.
>
> ४. ऑर्डर पुढे चालू राहते की नाही हे सप्टेंबर २०२६ मध्ये कळेल. १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पदाचा आढावा घेऊन आपणांस लेखी कळवू. तेव्हा पद कायम होऊ शकते, मुदत पुन्हा वाढू शकते किंवा करार ठरल्या तारखेला संपू शकतो.
>
> ५. बाकी अटी १ फेब्रुवारी २०२५ च्या करारातील कायम राहतील. नूतनीकरण मान्य असल्यास १५ जानेवारी २०२६ पर्यंत सोबतच्या प्रतीवर सही करून द्यावी.

तिसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य अनेक मालक खोडतात, ‘एवढं कशाला’ म्हणून. खरं असेल तर ठेवा. पाचव्या परिच्छेदातला ‘कायम’ हा शब्द मात्र बदलून ‘पूर्वीप्रमाणे’ केलेला बरा. कायमपणाच्याच पत्रात तो दुसऱ्या अर्थाने नको. लिहून झाल्यावर माझ्याही हे उशिरा लक्षात आलं.

पत्रात पदनाव ‘चेकर’चं ‘सुपरवायझर’ झालं आहे. पगार वाढला म्हणून असेल का?

असेल, किंवा नसेलही. औद्योगिक संबंध संहितेत दरमहा १८,००० पेक्षा जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही, आणि मुदतीच्या कामगाराची संरक्षणं त्या व्याख्येवर टेकलेली आहेत. नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे शेवटी पाहिलं जातं. तुम्ही रजा मंजूर करता का, कामाची वाटणी करता का, की दिवसभर टॉवेलच तपासता? काम तेच असेल तर सही करण्याआधी पदनाव दुरुस्त करून मागा. चूक टायपिंगची असेल तर पाच मिनिटांत बदलून मिळेल, आणि नसेल तर टाळाटाळीवरून कळेल.

मजकूर पटला नाही, पण सही केली नाही तर नोकरी जाईल ही भीती आहे. काय करू?

पत्र मिळाल्याची सही आणि मजकूर मान्य असल्याची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतीवर ‘पत्र मिळाले’ असं लिहून तारीख आणि सही करा. मग ज्या ओळीला हरकत आहे तेवढीच, दोन-चार वाक्यांत लेखी विचारा: सेवा अखंड आहे का, पदनाव का बदललं, वाढ कुठल्या रकान्यात आहे. अर्जाच्या स्थळप्रतीवर पोच घ्या. लेखी उत्तर आलं नाही आणि प्रश्न गंभीर असेल, तर जुना करार, हे पत्र, पगारपावत्या आणि हजेरीचा पुरावा घेऊन सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

व्हॉट्सअॅपवर आलेलं पत्र चालतं का?

काहीच नसण्यापेक्षा बरं. पण सही-शिक्क्याची कागदी प्रत मागा, आणि मेसेज पुसू नका. पत्र कोणत्या दिवशी मिळालं हे त्यातून दिसतं.

महापालिकेत किंवा सरकारी कार्यालयात मुदतीवर असलेल्यांना हेच लागू?

नाही. तिथे पदमंजुरी आणि भरतीचे नियम आड येतात. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ बराच काळ तात्पुरतं काम केलं म्हणून सरकारी पदावर कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यांची नूतनीकरण पत्रं वरवर अशीच दिसतात, पण ‘कायम का नाही’ याचं उत्तर तिथे ऑर्डरीत नसून मंजूर पदांच्या यादीत असतं.

ऑक्टोबरचा आढावा झालाच नाही तर?

करार त्यामुळे संपत नाही आणि पद आपोआप कायमही होत नाही. पण पत्रातली तारीख दाखवून १६ ऑक्टोबरला लेखी विचारता येतं. मालकांना मी सांगतो की पत्र पाठवलं त्याच दिवशी ती तारीख अकौंटंटच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. दिवाळीच्या बोनसच्या धांदलीत ती हमखास विसरते.